एकही दांडा सुटा न करता सिझर लिफ्टमधलं बळ कसं काढायचं?

उंच छतावरचे दिवे बदलायला वापरतात ती कात्रीसारखी उघडणारी सिझर लिफ्ट घ्या. एकावर एक तीन फुल्या, वर फलाट. खाली डावं टोक पिनने जमिनीला जखडलेलं, उजवं टोक रोलरवर सरकणारं. ही दोन टोकं एकमेकांकडे ओढणारा आडवा सिलिंडर किती बळाने ओढतो, ते आपल्याला हवं आहे.

नेहमीच्या पद्धतीने जायचं तर सहा दांडे आणि फलाट अशा सात वस्तू सुट्या काढाव्या लागतात. प्रत्येकीची तीन समीकरणं, म्हणजे एकूण एकवीस. त्यांतली वीस अज्ञातं आपल्याला नकोच असतात. कल्पित कार्याच्या पद्धतीत यंत्रणा जोडलेलीच राहते. ती अगदी किंचित हलली अशी कल्पना करायची आणि त्या हालचालीत सगळ्या बळांनी केलेल्या कार्याची बेरीज शून्य धरायची. यंत्रणा समतोलात असेल तर ही बेरीज शून्यच येते.

आधी कोणती बळं कार्य करतात ते ठरवा. डावी पिन हलत नाही, म्हणून तिचं कार्य शून्य. रोलर आडवा सरकतो आणि जमीन त्याला उभं ढकलते, म्हणून तेही शून्य. आतल्या प्रत्येक पिनेवर दोन दांडे एकमेकांवर सारखी आणि उलट बळं लावतात. दोन्ही एकाच बिंदूवर असल्यामुळे एकत्र हलतात आणि त्यांचं कार्य आपोआप कटतं. उरतात दोनच बळं, फलाटावरचं वजन W आणि सिलिंडरची ओढ F. हे सगळं दांडे ताठ आहेत आणि पिनांत घर्षण नाही असं धरून, आणि दांड्यांचं वजन तूर्त बाजूला ठेवून.

आता सगळी हालचाल एकाच राशीत मांडा. दांड्याची लांबी L आणि जमिनीशी त्याचा कोन θ मानला, तर फलाटाची उंची h आणि खालच्या टोकांमधलं अंतर s असं येतं:

h = 3L sin θ
s = L cos θ

अंतरं नेहमी न हलणाऱ्या बिंदूपासून मोजा. सरकत्या बिंदूपासून मोजलेलं अंतर चुकीचं उत्तर देऊ शकतं.

मग θ थोडा, δθ इतका, वाढवा. फलाट 3L cos θ · δθ इतका वर जातो आणि टोकं L sin θ · δθ इतकी जवळ येतात. सिलिंडर टोकांना जवळच ओढतो, म्हणून त्याचं कार्य धन. वजन खाली ओढतं आणि फलाट वर जातो, म्हणून त्याचं ऋण:

F · L sin θ · δθ − W · 3L cos θ · δθ = 0
F = 3W / tan θ

L कटून गेला. फलाटावर माणूस कुठे उभा आहे, हेही सूत्रात कुठेच नाही, कारण फलाट सरळ वर जातो आणि त्याचा प्रत्येक बिंदू सारखाच उचलला जातो. तो कडेला सरकला तर पिनांवरची बळं बदलतील, F मात्र तेवढंच राहील.

आकडे घालून पाहू. फलाट आणि त्यावरचा भार मिळून ३००० न्यूटन, दांड्यांचं एकूण वजन १२०० न्यूटन. दांड्यांचा गुरुत्वमध्य निम्म्या उंचीवर असतो, म्हणजे तो फलाटाच्या निम्माच वर जातो. त्यांचे ६०० न्यूटनच धरायचे. W झाला ३६००. कोन ३० अंश असताना F सुमारे १८,७०० न्यूटन येतं. ६० अंशांना ते साधारण ६,२०० न्यूटनवर उतरतं, तर १० अंशांना ६१,००० न्यूटनच्या पुढे जातं. लिफ्ट जवळजवळ मिटलेली असते तेव्हाच सिलिंडरवर सर्वांत जास्त ताण येतो. सिलिंडर निवडताना हाच कोन धरा.

उत्तर तपासायची सोय याच पद्धतीत आहे. L = २ मीटर घेऊन २९ आणि ३१ अंशांना h आणि s काढा. फलाट ०.१८१४ मीटर वर जातो, टोकं ०.०३४९ मीटर जवळ येतात. भागाकार ५.२० येतो आणि F/W देखील तेवढंच आहे. तुमचा भागाकार १.७३ च्या आसपास आला, तर sin आणि cos ची अदलाबदल झाली आहे किंवा कोन उभ्या रेषेपासून मोजला गेला आहे.

प्रत्यक्षात सिलिंडर बहुधा तिरका बसवलेला असतो. मग s ऐवजी त्याची लांबी l घ्या, ती θ मध्ये लिहा आणि F · δl = W · δh मांडा; बाकी काही बदलत नाही. खऱ्या लिफ्टमध्ये घर्षण असतंच, म्हणून वर चढवताना लागणारं बळ या उत्तरापेक्षा जास्त भरतं. आणि एखाद्या पिनेची जाडी ठरवायची असेल, तर हे F हाती घेऊन दांडे सुटे करावेच लागतील.