बिलावर एक नाव, स्टेटमेंटवर दुसरंच: मेळ कसा घालायचा

दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये कुठल्याशा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने २,१९६ रुपये घेतले होते. तिच्या हातातल्या बिलावर मात्र एका कुर्तेवाल्याचं नाव आणि आकडा १,२४९. नावही वेगळं, रक्कमही वेगळी. ती कार्ड ब्लॉक करायला निघाली होती. मी म्हटलं, दहा मिनिटं थांब.

आधी रकमेकडे बघा. शॉपिंग ॲपवर एकाच वेळी घेतलेल्या वस्तू अनेकदा वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या असतात. पैसे एकदाच कापले जातात, पण बिल प्रत्येक विक्रेत्याचं वेगळं निघतं. म्हणून पार्सलमधल्या कागदावर विसंबू नका. ॲपमध्ये ती ऑर्डर उघडा आणि तिच्याखालची सगळी बिलं उतरवून घ्या. वहिनीच्या ऑर्डरमध्ये चादरीचं ८९८ रुपयांचं दुसरं बिल होतं आणि ॲपने स्वतः लावलेले ४९ रुपये डिलिव्हरीचे. १,२४९ अधिक ८९८ अधिक ४९, बरोबर २,१९६. चादर अजून यायची होती, म्हणून तिचं बिल हातात नव्हतं, एवढंच.

आता नाव. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि कंपनीचं नोंदणीचं नाव एकच असेल असं नाही. पेटीएमचा धंदा वन९७ कम्युनिकेशन्स या कंपनीच्या नावावर आहे, तसंच हे. खात्री करायची सोपी जागा म्हणजे बिलावरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये जाऊन हा क्रमांक टाकला की `Legal Name of Business` आणि `Trade Name` अशी दोन्ही नावं समोर येतात. लॉगिन लागत नाही. वहिनीला कुर्तेवाल्याच्या बिलाने काही सांगितलं नाही, पण डिलिव्हरीच्या ४९ रुपयांच्या बिलावरचा क्रमांक टाकल्यावर स्टेटमेंटमधलं नाव उमटलं. ती ॲप चालवणारी कंपनी निघाली.

ही युक्ती दर वेळी चालेलच असं नाही. छोट्या विक्रेत्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक नसेलही. शिवाय स्टेटमेंटवर कधीकधी विक्रेत्याऐवजी रेझरपे, पेयू यांच्यासारख्या पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचं नाव येतं. तेव्हा तारीख, रक्कम आणि ऑर्डर क्रमांक देऊन विक्रेत्यालाच विचारा. यूपीआयने पैसे दिले असतील तर बारा आकडी व्यवहार क्रमांकही द्या. त्याचा फोन नंबर मात्र बिलावरून किंवा ॲपमधून घ्या. गुगलवर सापडणारे ‘कस्टमर केअर’ हे ठगांचं आवडतं कुरण आहे.

परदेशी वेबसाइटचं बिल असेल तर हिशेब निराळा. समजा बिल ५० डॉलरचं, दर ८५ रुपये आणि परकी चलनाच्या व्यवहारावर तुमची बँक वर लावते तो मार्कअप साडेतीन टक्के. ४,२५० रुपये, त्यावर १४८.७५ मार्कअप आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २६.७८. एकूण ४,४२५.५३. जीएसटीची ओळ स्टेटमेंटमध्ये बऱ्याचदा वेगळी असते, ती शोधा. दरही अनेकदा व्यवहार खात्यात नोंदला जातो त्या दिवसाचा धरतात, त्यामुळे एसएमएसमधल्या आकड्यापेक्षा थोडा फरक पडतो.

एवढं करूनही मेळ बसला नाही तर दोन वाटा आहेत, आणि त्यांची गल्लत करू नका. व्यवहार तुम्ही केलेलाच नसेल, तर आता विक्रेता शोधत बसायचं नाही. लगेच कार्ड ब्लॉक करा, बँकेत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहारात बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही.

व्यवहार तुमचाच, पण रक्कम जास्त कापली असेल, तर आधी विक्रेत्याला ईमेल करा. फोनवरचं बोलणं नंतर पुरावा म्हणून दाखवणं कठीण जातं. त्याने टोलवाटोलवी केली तर सगळी बिलं, बँकेचा एसएमएस आणि ते ईमेल जोडून बँकेकडे ‘रक्कम चुकीची’ या कारणाने डिस्प्यूट नोंदवा. घाईत ‘व्यवहार माझा नाही’ असं लिहून बसलात, तर विक्रेता तुमचाच पत्ता आणि डिलिव्हरीची सही पुढे करतो, आणि तक्रार तिथेच बारगळते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.