पुराव्याचा फोटो डिलीट झाल्यावर फुटलेल्या पार्सलचे वर्णन रिफंडच्या तक्रारीत कसे लिहावे

पार्सल फुटलेले आले, त्याचा फोटोही काढला, पण तक्रार करण्याआधीच तो फोनमधून डिलीट झाला, तर फोटोने एका नजरेत केले असते ते काम शब्दांकडून करून घ्यावे लागते. तक्रार वाचणाऱ्या माणसाने खोके पाहिलेले नसते आणि त्याच्यासमोर अशा अनेक तक्रारी पडलेल्या असतात. ‘पार्सल अत्यंत खराब अवस्थेत मिळाले’ हे वाक्य खरे असले तरी त्यातून त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. खोक्याची कोणती बाजू, कोणता कोपरा, किती दबलेला आणि त्याच्या नेमक्या मागे वस्तूचा कोणता भाग तुटलेला, एवढे कळले तर मात्र त्याला निर्णय घेण्यासारखे काहीतरी हाती लागते.

आधी फोटो खरोखरच गेला आहे का ते पाहावे

बहुतेक फोनमध्ये डिलीट केलेला फोटो लगेच पुसला जात नाही. तो `Trash` किंवा `Recently Deleted` अशा नावाच्या फोल्डरमध्ये साधारणपणे ३० दिवस राहतो. तो फोटो घरातल्या कोणाला मेसेजवर पाठवला होता का, हेही आठवून पाहावे, कारण समोरच्याच्या फोनमध्ये त्याची प्रत असू शकते. दोन्हीकडे काही मिळाले नाही तर शोधाशोध लांबवू नये. तक्रारीची मुदत बहुधा डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजली जाते आणि काही ठिकाणी ती फार थोड्या दिवसांची असते.

जे शिल्लक आहे ते जसे आहे तसे ठेवावे

खोके, आतले थर्माकोल, बबल रॅप, चिकटपट्टी आणि वस्तूचे तुकडे यांपैकी काहीही टाकू नये. खोके अजून घरात असेल तर नवे फोटो जरूर काढावेत, पण ते नंतर काढलेले आहेत हे तारखेसह लिहावे. डिलीट झालेल्या फोटोसारखे दृश्य पुन्हा मांडून, म्हणजे पट्टी परत चिकटवून किंवा तुकडे आत रचून, काढलेला फोटो ‘मूळ’ म्हणून पाठवणे हा सरळ खोटेपणा आहे. शिवाय फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची वेळ नोंदलेली असू शकते, त्यामुळे अशी लबाडी उघडी पडते आणि खरी तक्रारही संशयाच्या भोवऱ्यात सापडते. खोके टाकून दिले असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि वर्णन आठवणीवर आधारलेले आहे हेही सांगावे.

पाहिलेले आणि ताडलेले वेगळे करावे

तक्रारीचा अर्ज उघडण्याआधी एका कागदावर आठवेल ते लिहून काढावे. पार्सल हातात आले तेव्हा काय दिसले, उचलताना आतून आवाज आला का, पट्टी कोणत्या बाजूने कापली, आत सर्वांत आधी काय दिसले, असा उघडण्याचा क्रम धरला की आठवण सुसंगत येते. घरातले दुसरे कोणी हजर असेल तर त्यांनी त्यांना आठवते ते वेगळे लिहावे. एकमेकांना विचारून लिहिले की दोन आठवणींची एकच आठवण होऊन बसते.

मग प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारावा : हे मी पाहिले, की हा माझा अंदाज आहे? ‘कुरिअरवाल्याने पार्सल आपटले’ हा अंदाज आहे, तर ‘खालचा उजवा कोपरा आत दबलेला होता’ हे पाहिलेले आहे. तक्रारीत पाहिलेल्या गोष्टींनाच जागा द्यावी. पार्सल गोदामात दबले, गाडीत पडले की दारात, हे आपल्याला सिद्ध करता येत नाही आणि रिफंडसाठी बहुधा त्याची गरजही नसते. वस्तू उघडली तेव्हा ती फुटलेली होती, एवढे पटवून देणे पुरेसे असते.

बाहेरून आत, थराथराने आणि जागा सांगत लिहावे

सगळ्या वर्णनाचा जीव या भागात आहे. पार्सलचे तीन थर धरावेत : बाहेरचे खोके, आतले पॅकिंग आणि वस्तू. प्रत्येक थराचे नुकसान वेगळ्या वाक्यात सांगावे, पण तिन्ही ठिकाणची जागा एकाच मापाने सांगावी. त्यासाठी पत्त्याचे लेबल फार उपयोगी पडते. लेबल आपल्याकडे तोंड करून, अक्षरे सरळ वाचता येतील असे खोके धरले आहे असे आधीच लिहून टाकले की ‘वरचा डावा कोपरा’ किंवा ‘उजवी कड’ हे शब्द वाचणाऱ्यालाही तुमच्याइतकेच स्पष्ट होतात. नाहीतर खोक्याला आठ कोपरे असतात आणि ‘एक कोपरा दबला होता’ यातला कोपरा कोणता, हे कोणालाच कळत नाही.

मग तिन्ही थर एका रेषेत येतात का ते पाहावे. दबलेल्या कोपऱ्यामागचे थर्माकोल तुटलेले असेल आणि त्याच बाजूला वस्तूची काच तडकलेली असेल, तर वस्तू नंतर घरात पडून फुटली असावी ही शंका बरीचशी फिटते. साध्या काचेत तडे बहुधा आघाताच्या बिंदूपासून किरणांसारखे पसरतात, म्हणून ते कुठे एकत्र येतात तो बिंदू शोधून लिहावा. पुठ्ठ्याला भोक असेल तर त्याच्या कडांचे तंतू आत वळलेत की बाहेर हे सांगावे. आत वळलेले असतील तर बाहेरून काहीतरी घुसले आहे, बाहेर वळलेले असतील तर आतल्या वस्तूनेच पुठ्ठा फोडला आहे. ओल लागली असेल तर खोके वाळल्यावरही डागाची गडद कड राहते; तो डाग कुठून कुठपर्यंत होता ते लिहावे.

बाहेरचे खोके धडधाकट असेल तर तसेच लिहावे. तक्रार भक्कम दिसावी म्हणून खोक्यावर नसलेली चीर काढून ठेवण्याचा मोह होतो, पण डिलिव्हरीच्या वेळी कुरिअरनेही फोटो काढलेला असू शकतो आणि त्यात ते खोके अभंग दिसले की तुमचे पुढचे खरे शब्दही वाया जातात. खोके चांगले आणि वस्तू फुटलेली असे होऊ शकते; अशा वेळी आतले पॅकिंग अपुरे होते का, वस्तू आत हलत होती का, याचे वर्णन महत्त्वाचे ठरते.

मापे शक्य असेल तिथे मोजपट्टीने घ्यावीत. खोके उरले नसेल तर अंदाज द्यावा आणि ‘सुमारे’ हा शब्द गाळू नये. अंदाजाला आधार म्हणून खोक्यावरची चिकटपट्टी चालते, कारण पॅकिंगची पट्टी पुष्कळदा ४८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ५ सेंटिमीटर रुंद असते. त्याच रुंदीची पट्टी घरात असेल तर चीर पट्टीच्या रुंदीच्या किती पट होती हे आठवणे सोपे जाते.

एक तक्रार पूर्ण लिहून पाहू

भिंतीवरचे गोल घड्याळ मागवले, त्याची काच फुटलेली निघाली आणि फोटो डिलीट झाला, असे धरू. घड्याळाचा एक फायदा असा की त्याच्या तबकडीवरच जागा सांगणारे आकडे असतात. खोके आणि तुकडे घरात आहेत.

> ऑर्डर क्रमांक … आणि ट्रॅकिंग क्रमांक … यांचे पार्सल मला १२ मार्च रोजी सायंकाळी सुमारे ५.४० वाजता मिळाले व मी ते त्याच दिवशी ६ च्या सुमारास उघडले. पत्त्याचे लेबल समोर व अक्षरे सरळ धरल्यास खोक्याचा खालचा उजवा कोपरा सुमारे ३ सेंटिमीटर आत दबलेला होता आणि खालच्या कडेवरची चिकटपट्टी त्या कोपऱ्यापासून १२ सेंटिमीटरपर्यंत उसवलेली होती. खोके इतरत्र अभंग होते. आत चारही कोपऱ्यांना थर्माकोलचे ठोकळे होते. त्यांपैकी खालच्या उजव्या कोपऱ्यातील ठोकळ्याचे दोन तुकडे झालेले होते. घड्याळाची तबकडी लेबलच्या बाजूला व १२ चा आकडा वरच्या कडेकडे होता. काचेचे तडे ४ आणि ५ या आकड्यांमधील कडेपासून सुरू होऊन ९ व ११ या आकड्यांच्या दिशेने गेलेले आहेत आणि ५ च्या आकड्याजवळचा सुमारे ६ सेंटिमीटर लांबीचा तुकडा सुटून खोक्यातच पडलेला होता. घड्याळ भिंतीवर लावलेले नाही.
>
> उघडताना मी खोक्याचा आणि काचेचा एकेक फोटो काढला होता. १३ मार्च रोजी फोनमधील जागा मोकळी करताना ते फोटो डिलीट झाले व नंतर परत मिळाले नाहीत. सोबतचे फोटो १४ मार्च रोजी काढलेले आहेत. खोके, पॅकिंग, घड्याळ व काचेचे तुकडे मी जपून ठेवले असून ते तपासणीसाठी किंवा परत नेण्यासाठी देण्यास तयार आहे. वस्तूची पूर्ण रक्कम ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत करावी, ही विनंती.

खोक्याचा खालचा उजवा कोपरा आणि तबकडीवरची ४ व ५ यांमधली जागा एकाच दिशेला येतात. हे मुद्दाम ओरडून सांगितलेले नाही, पण वाचणाऱ्याने कागदावर चौकोनात वर्तुळ काढले तरी त्याला ते दिसेल. असे साधे चित्र स्वतःच काढून, त्यावर ‘आठवणीवरून काढलेली आकृती’ असे लिहून जोडले तरी चालते.

फोटोविषयीचा मजकूर तीनच वाक्यांचा आहे, तो त्याहून वाढवू नये. फोटो काय होता, कधी आणि कसा गेला आणि आता काय जोडले आहे, एवढे पुरते. माफी मागत बसले की वाचणाऱ्याचे लक्ष फुटलेल्या काचेवरून गेलेल्या फोटोकडे वळते. तो मुद्दा अजिबात न काढणेही बरे नाही, कारण सोबतच्या फोटोंवर दोन दिवस उशिराची तारीख दिसणारच आहे.

पार्सल घेताना ‘सुस्थितीत मिळाले’ अशा नोंदीवर सही केली असेल किंवा ओटीपी सांगितला असेल, तर तेही एका वाक्यात लिहावे आणि तेव्हा नुकसान का दिसले नाही याचे खरे कारण द्यावे. उदाहरणार्थ, दबलेली बाजू खाली होती किंवा खोके बंद होते.

अर्जाची चौकट लहान असेल तर

अनेक अर्जांत मोजकीच अक्षरे मावतात. अशा वेळी दबलेला कोपरा, तुटलेला ठोकळा आणि काचेचा तडा यांची तीन वाक्ये, उघडल्याची तारीख व वेळ आणि रिफंडची मागणी एवढेच तिथे लिहावे. पूर्ण वर्णन वेगळ्या कागदावर जोडावे किंवा त्याच तक्रार क्रमांकावर ईमेलने पाठवावे. दोन्हीकडच्या तारखा आणि मापे एकमेकांशी जुळतात का, हे पाठवण्याआधी पुन्हा वाचून पाहावे. एकीकडे ३ आणि दुसरीकडे ५ सेंटिमीटर झाले, तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

‘मूळ फोटो पाठवा’ असे ठरावीक उत्तर आले तर तीच तक्रार नव्याने लिहू नये. मूळ फोटो उपलब्ध नसल्याचे आधीच्या पत्रात नमूद केले आहे, एवढे सांगून दोन गोष्टी मागाव्यात : वस्तूची प्रत्यक्ष तपासणी आणि डिलिव्हरीच्या वेळी कुरिअरने फोटो किंवा शेरा नोंदवला असेल तर त्याची प्रत. खोके आणि तुकडे निकाल लागेपर्यंत, किंवा ते कोणी परत नेईपर्यंत, जपून ठेवावेत. नेणाऱ्याकडून पोच घ्यावी आणि देण्याआधी तुकड्यांसह सगळ्याचा पुन्हा एकदा फोटो काढून तो लगेच स्वतःलाच ईमेल करून ठेवावा.