एका खोलीचा भाडेकरार

फ्लॅटमधील एक खोली भाड्याने देताना ‘अकरा महिन्यांसाठी नोटरी पुरे’ असे एजंट सांगत होता. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, अन्यथा वादात अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणून मी ऑनलाइन नोंदणी केली आणि मिळकतीच्या वर्णनात ‘स्वयंपाकघरालगतची खोली, पार्किंग वगळून’ असे आग्रहाने लिहून घेतले.

भाडे दरमहा 15,000 रुपये, म्हणजे वर्षाला 1,80,000. मालमत्ता कर बाजूला ठेवल्यास 30 टक्के प्रमाणित वजावटीनंतर 1,26,000 रुपये करपात्र ठरतात. सोसायटीचा देखभाल खर्च त्यातून वेगळा वजा होत नाही.