टेलिमेट्री बघताना या चुका टाळा: वेळ दिसतो सरळ पट्ट्यावर, जातो मात्र वळणात

कुडाळचा माझा मामेभाऊ असेट्टो कोर्सा कॉम्पिटिझिओने या रेसिंग गेममध्ये मोंझाच्या ट्रॅकवर जीटी३ गाडी चालवतो. त्याचा लॅप १:४९.६ वर अडकला होता. ज्याच्याशी तो तुलना करत होता, तो त्याच गाडीत १:४८.९ काढत होता. दोघांच्या टेलिमेट्रीचे, म्हणजे लॅपभर नोंदलेल्या वेग, ब्रेक आणि थ्रॉटलचे, आलेख एकावर एक टाकून त्याने मला पाठवले आणि विचारलं, “दादा, ब्रेक तर मी उशिरा मारतंय, मगे टायम जाता खंय?” त्याच्या प्रश्नातच अर्धं उत्तर होतं. ते कसं, हे सांगण्याआधी आलेख वाचण्यातल्या एकदोन चुका बाजूला करायला हव्यात.

या गेममध्ये सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर टेलिमेट्री लॅप्सची संख्या ठरवावी लागते. ती शून्य असेल तर फाइल मिळत नाही. संख्या ठेवली की `Documents\Assetto Corsa Competizione\MoTeC` या फोल्डरमध्ये `.ld` फाइल येते आणि ती मोटेक आय२ प्रो या आलेख बघण्याच्या प्रोग्राममध्ये उघडते. दोन लॅप एकत्र टाकल्यावर आडवा अक्ष अंतराचा आहे ना, हे आधी बघा. अक्ष वेळेचा राहिला तर पहिल्या वळणात गेलेल्या वेळेमुळे पुढचा सगळा आलेख सरकतो आणि एकाचं ब्रेकिंग दुसऱ्याच्या सरळ पट्ट्यावर येऊन बसतं. अंतराचा अक्ष असला की एका उभ्या रेषेवर दोन्ही गाड्या ट्रॅकच्या एकाच जागी असतात, आणि तेव्हाच तुलनेला अर्थ येतो.

डेल्टाचा आकडा वाचणे

डेल्टा म्हणजे दोन लॅपमधला, त्या जागेपर्यंत साठलेला वेळेचा फरक. मोंझाच्या अस्कारी वळणापाशी +०.५० दिसलं म्हणून अस्कारीत अर्धा सेकंद गेला असं होत नाही, तो फरक आधीपासून जमत आलेला असतो. बघायचा असतो तो डेल्टाच्या रेषेचा कल. रेषा आडवी असेल तिथे दोघं सारख्याच वेगाने चालले आहेत, मग आकडा कितीही मोठा असो. रेषा चढू लागते तिथे वेळ जाऊ लागतो. काही प्रोग्राममध्ये दिशा उलटी असते. म्हणून जिथे आपण घसरलो हे पक्कं आठवतं, अशा एका जागी रेषा कुठे जाते ते आधी तपासून घ्या.

भावाच्या आलेखात सर्वांत लांब चढ होता दुसऱ्या लेस्मो वळणानंतर, अस्कारीकडे जाणाऱ्या सरळ पट्ट्यावर. तो म्हणाला, “इंजिनाचा मॅप बदलूक होयो.” मॅप म्हणजे इंजिनाच्या ताकदीची सेटिंग; त्याला असं वाटलं, कारण वळण संपल्यावर, पाय पूर्ण दाबलेला असताना वेळ जात होता. बहुतेकजण फसतात ते इथेच.

जिथे रेषा चढते तिथेच कारण शोधणे

आलेखावर आम्ही मागे मागे गेलो. दुसऱ्या लेस्मोला भाऊ समोरच्यापेक्षा ८ मीटर उशिरा ब्रेक मारत होता. तेवढा वेळ त्याची गाडी जास्त वेगात राहिली, म्हणून वळणात शिरताना डेल्टा त्याच्या बाजूने ०.०४ सेकंद होता. चालवताना स्क्रीनवरची डेल्टाची पट्टी नेमकी याच क्षणी हिरवी होते, आणि आपल्याला वाटतं की बरोबर चाललंय.

पुढे थ्रॉटलची रेषा बघितली. समोरच्याचा पाय एकदाच उतरला आणि सरळ शंभर टक्क्यांवर गेला. भावाचा पाय साठपर्यंत गेला, परत तीसवर आला आणि मग पूर्ण दाबला गेला. पूर्ण थ्रॉटल त्याला २५ मीटर उशिरा मिळाला. थ्रॉटलमध्ये अशी खाच दिसली की समजावं, गाडी बाहेरच्या कडेकडे सरकत होती म्हणून पाय उचलावा लागला. त्याच जागी स्टिअरिंगची रेषाही जास्त वळलेली होती. उशिरा ब्रेक, म्हणून आतल्या कडेपाशी उशिरा पोहोचणं, म्हणून बाहेर पडताना जागा कमी.

वळणातून निघताना समोरचा ताशी १६६ किलोमीटरवर होता, भाऊ १६० वर. तोवर डेल्टा +०.०४ झाला होता, म्हणजे वळणाच्या आतच ०.०८ गेले होते. मग सरळ पट्टा आला. ताशी सहा किलोमीटरचा फरक लगेच भरून निघत नाही. दोन्ही गाड्या सारख्याच ताकदीने ओढत असतात, त्यामुळे वेग वाढेल तसा तो फरक हळूहळू कमी होतो, १६० च्या आसपास ६ असेल तर २२० च्या आसपास साधारण ३ उरतो. पहिल्या शंभर मीटरमध्ये सहा-सात शतांश जातात, पुढच्या प्रत्येक शंभरात त्याहून कमी. पण बेरीज होत राहते. अस्कारीच्या ब्रेकिंगपाशी डेल्टा +०.२४ होता. म्हणजे सरळ पट्ट्यावर गेलेले दोन दशांश खरं तर ब्रेकच्या पेडलवर गेले होते.

इंजिनाचा मॅप तसाच ठेवला. ब्रेक ८ मीटर आधी, जोर तेवढाच, पण पाय सावकाश सोडायचा, आणि थ्रॉटलवर एकदाच पाय टाकायचा: पूर्ण दाबता येईल तेव्हाच सुरुवात. नंतरच्या आलेखात वळणाच्या तोंडाशी तो ०.०३ ने मागे दिसला, हिरवी पट्टी गेली, पण थ्रॉटलमधली खाचही गेली आणि अस्कारीपर्यंत रेषा जवळजवळ आडवी राहिली.

मोंझाच्या शेवटच्या वळणाला हेच, फक्त अजून फसवं. पाराबोलिकातून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर ट्रॅकवरची लॅप संपण्याची रेषा येते आणि तिथे डेल्टा शून्यावर परततो. त्या वळणातला तोटा पुढच्या लॅपच्या खात्यात जमा होतो. लॅप सुरू होताच रेषा चढू लागली तर मागचा लॅप उघडून त्याचं शेवटचं वळण बघा.

सरळ पट्ट्यावरचा तोटा खरंच सरळ पट्ट्याचा असू शकतो, पण तो ओळखता येतो. वळणातून निघताना दोघांचा वेग सारखा असेल आणि तरी पुढे अंतर वाढत जात असेल, तर समोरच्याला पुढच्या गाडीच्या मागची हवा मिळाली असेल, त्याच्या मागच्या पंखाचा कोन कमी असेल किंवा टाकीत इंधन कमी असेल. असा लॅप तुलनेला घेऊ नये. रिकाम्या ट्रॅकवरचा, तेवढ्याच इंधनाचा लॅप शोधावा.

पेडल न तपासता गाडीला दोष देणे

अजून एक कारण आपल्याकडे, किनाऱ्यावर, हमखास भेटतं. स्वस्त पेडलच्या आत पोटेन्शिओमीटर असतो: एका पट्टीवरून सरकणारा छोटा संपर्क. मालवण-वेंगुर्ल्याकडची खारी दमट हवा आणि पावसाळ्यातली ओल त्या संपर्काला मानवत नाही. मग पाय काढलेला असतानाही ब्रेकची रेषा दोन-तीन टक्क्यांवर राहते, किंवा थ्रॉटल ९७ च्या पुढे जात नाही. गाडी सगळ्या सरळ पट्ट्यांवर थोडी थोडी मागे पडते आणि त्याला कुठलंही वळण जबाबदार नसतं. संपर्क जास्त खराब झाला की रेषेवर अचानक काटे दिसतात.

सर्वांत लांब सरळ पट्ट्यावर जाऊन ब्रेक अगदी शून्य आणि थ्रॉटल अगदी शंभर आहे का बघा. नसेल तर पेडल पुन्हा कॅलिब्रेट करा आणि ब्रेकच्या सुरुवातीला थोडा डेडझोन, म्हणजे दाब न मोजला जाणारा भाग, द्या. काटे त्याने जात नाहीत. त्यासाठी पेडल उघडून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पेडल बरेचदा खाली-वर करायचं आणि पूर्ण वाळल्यावरच केबल जोडायची. तरी काटे राहिले तर पट्टी झिजलेली आहे, पोटेन्शिओमीटर बदलावा लागेल.