आजीच्या दहाव्याला बोलायचंय? लिहिलेलं भाषण असं तपासा

भाषण लिहून झालंय, दशक्रियेला दोनच दिवस उरलेत आणि हातातला कागद बरा आहे की नाही तेच कळत नाही, असं धरून चालतो. आमच्या भावकीत असे कागद बरीच वर्षं माझ्याकडे येतात. 'मनापासून बोल, आपोआप सुचेल' हा सल्ला मात्र मी कुणालाच देत नाही. घाटावर माइक हातात आला की काही सुचत नाही, घसा तेवढा दाटतो.

आधी लांबी बघा. दहाव्याला नदीवर प्रवचन झालेलं असतं, गावातले पुढारी आणि सोयरे श्रद्धांजली वाहून गेलेले असतात, मंडळी उन्हात बसलेली असतात आणि पिंडाला कावळा शिवायचा असतो. नातवाच्या वाट्याला फार तर चार मिनिटं येतात. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणून कागदावर साडेतीनशे ते चारशे शब्द पुरेत. अंत्यविधीच्या दिवशी स्मशानातच बोलायचं असेल तर याच्या निम्मं, कारण तिथे सगळे उभे असतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलं की चारशे शब्द दोन मिनिटांत संपतात आणि माणूस फसतो.

मग खोडायला घ्या. जन्मगाव, मुलं, सुना, जावई, परतवंडं हे सगळं सूत्रसंचालक सांगून मोकळा झालेला असतो. 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ', 'कधीही भरून न येणारी पोकळी' हेही तुमच्या आधीच्या चार वक्त्यांनी म्हटलेलं असतं. जे वाक्य शेजारच्या आजीलाही जसंच्या तसं लागू पडतं, ते काढा. बहुतेक कागद इथेच अर्धा होतो.

आता खरा अवघड भाग, प्रसंग. मलाही हाच भाग सगळ्यात जड गेला होता आणि इथे घाई करू नका असं मी बजावून सांगतो.

मध्यंतरी नात्यातल्या एका मुलाने त्याच्या आजीवरचं लिखाण दाखवायला आणलं. त्यात पाच प्रसंग होते, प्रत्येकी तीन-तीन ओळींचे. त्यातला एक असा: 'बहात्तरच्या दुष्काळात आजीने अपार कष्ट केले. स्वतः उपाशी राहून मुलांना वाढवलं. ती खरोखर त्यागमूर्ती होती.' यात खोटं काही नाही, पण डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. मी त्याला विचारलं, कुठल्या कामावर होती? काय करायची? उपाशी राहायची म्हणजे नेमकं काय व्हायचं? त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, थोरल्या आत्याला फोन लाव.

आत्याने सांगितलं ते असं. १९७२ ला आजी पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची. कामावर सुकडी वाटायचे. ती तिथे न खाता पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची. पोरं वाटेवरच उभी असायची. गाठ सोडून सगळ्यांना वाटून झालं की पदराला चिकटलेले कण आजी बोटाने काढून खायची. तेवढंच तिचं. 'उपाशी राहून' या दोन शब्दांत हे सगळं दडून बसलेलं होतं.

म्हणून फोन करा. आत्या, थोरले काका, आजीच्या माहेरचं कुणी, नाहीतर तिच्याबरोबर कामाला जाणारी शेजारीण. प्रसंग घडला तेव्हा तिथे असलेल्या माणसाकडून ऐकल्याशिवाय तो बोलू नका. घाटावर तिच्या वयाची दोन-तीन माणसं बसलेली असतातच आणि साल किंवा गाव चुकलं की त्यांची आपसात कुजबुज सुरू होते. पुढचं कुणी ऐकत नाही.

पण नुसतं ऐकीव सांगून भागत नाही, कारण तुम्ही नातू म्हणून उभे आहात. तुम्ही स्वतः काय पाहिलंत? त्या मुलाला आठवलं की लग्नकार्यातून परतताना आजी बुंदीचा लाडू पदरात बांधून आणायची आणि त्याला त्याची लाज वाटायची. मी म्हटलं, सुरुवात इथून कर. बाकीचे चार प्रसंग काढून टाकले आणि भाषणाचा गाभा असा झाला:

'कुठल्याही लग्नातून आजी आली की तिच्या पदराला गाठ असायची आणि गाठीत लाडू. मी कॉलेजात असताना म्हणालो, आजी, आता घरात सगळं आहे, लोक बघतात. ती काही बोलली नाही. पुढच्या लग्नातूनही लाडू आणला. परवा आत्याने मला सुकडीचं सांगितलं. तलावाच्या कामावर मिळालेली सुकडी ती अशीच गाठ मारून आणायची. पोरांना वाटून झाल्यावर पदराला जे चिकटलेलं असायचं, ते तिचं जेवण.'

आधी पाहिलेलं, मग ऐकलेलं, हा क्रम मुद्दाम आहे. लाडवाशी मंडळी किंचित हसतात, कारण प्रत्येकाच्या घरात अशी एक गाठ असते. सुकडीशी गप्प होतात. उलट क्रमाने सांगितलं तर दुष्काळानंतर लाडू फिका पडतो.

'ते तिचं जेवण' इथे थांबायचं. 'अशी होती माझी त्यागमूर्ती आजी' हे वाक्य प्रत्येक जण पुढे जोडतो आणि मी प्रत्येक वेळी खोडतो. समोरच्याला जे आत्ताच कळलं, ते पुन्हा समजावून सांगितलं की प्रसंगातला जीव जातो.

सूर तपासताना दोन गोष्टी बघा. घरी 'आजी म्हणायची' म्हणत असाल तर भाषणातही तेच ठेवा. निम्म्यावर 'त्या म्हणायच्या' सुरू झालं की परकं वाटतं. आजोबांवर बोलताना 'म्हणायचे' आपसूक येतं, तिथे अडचण नाही. दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. 'शेवटच्या आजारपणात फक्त आमच्या आईने केलं' अशा अर्थाचं एकही वाक्य नको, कितीही खरं असलं तरी. समोर काकू बसलेली असते, जमिनीच्या वाटण्या व्हायच्या असतात आणि तुमचं वाक्य वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं. एकाच सुनेचे आभार मानू नका. मानायचेच तर 'घरातल्या सगळ्यांनी' म्हणा. दवाखान्यातलं वर्णन, नळ्या, शेवटची रात्र हेही वगळा. आजीच्या बहिणीला ते ऐकवत नाही.

शेवटी 'आजीला नमस्कार' म्हणा आणि खाली बसा.

कागद मोठ्या अक्षरात, एका बाजूलाच छापून घ्या. मोबाइलवर वाचू नका, उन्हात पडदा दिसत नाही आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन येतो. आणखी एक प्रत चुलत भावाच्या किंवा बहिणीच्या खिशात द्या. तिने ती आदल्या रात्री एकदा मोठ्याने वाचलेली असावी, म्हणजे तुमचा आवाज बसला तर तिला त्याच ओळीपासून पुढे वाचता येईल.