दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना: भिंती घालण्याआधी वाटा आखा

माझ्या पहिल्या दवाखान्याचा नकाशा काढताना मी आधी खुर्च्या मांडल्या, मग रिसेप्शन, आणि उरलेल्या मागच्या कोपऱ्यात हत्यारं धुण्याची ओटी. कागदावर सगळं छान दिसत होतं. पहिल्याच आठवड्यात असिस्टंट दाढ काढल्यानंतरचा ट्रे घेऊन मागे निघाली आणि त्याच बोळातून आईचा हात धरून एक मूल आत येत होतं. त्या मुलाने खुर्चीपर्यंत पोहोचायच्या आधीच सगळं पाहून घेतलं. त्या दिवशी तोंड उघडायला त्याने साफ नकार दिला.

म्हणून नकाशाची सुरुवात भिंतींनी करू नका. जागेचं माप कागदावर काढा आणि त्यावर दोन रंगांनी दोन वाटा आखा. एक पेशंटची: दार, रिसेप्शन, बाकडं, खुर्ची, पुन्हा रिसेप्शन, दार. दुसरी वापरलेल्या हत्यारांची: खुर्ची, धुण्याची जागा, ऑटोक्लेव्ह, कपाट, पुन्हा खुर्ची. या दोन रेषा खुर्चीपाशी भेटणारच. त्याशिवाय त्या कुठेही एकमेकींना छेदत असतील, तर भिंती सरकवण्याची वेळ आत्ताच आहे.

एक जागा घेऊन पाहू

समजा तळमजल्यावरची 16 फूट रुंद, 40 फूट खोल जागा आहे. दार पुढच्या अरुंद बाजूला, ड्रेनेज मागे. गावात अशी लांबट जागाच बहुधा हाती येते. सगळ्यांना सुचणारी मांडणी म्हणजे पुढे वेटिंग, एका बाजूने बोळ, बोळाला लागून दोन खोल्या आणि शेवटी स्टरिलायझेशन. माझी चूक नेमकी हीच होती. कारण टॉयलेटही मागेच असतं आणि त्याच बोळातून पेशंट तिथे जातो.

याऐवजी स्टरिलायझेशनची खोली दोन उपचार खोल्यांच्या मध्ये घ्या. पुढे साडेदहा फूट वेटिंग आणि रिसेप्शन. मग 9 फुटांची पहिली उपचार खोली, साडेपाच फुटांची स्टरिलायझेशनची खोली आणि 9 फुटांची दुसरी उपचार खोली. मागचे साधारण साडेचार फूट टॉयलेट आणि मशीनसाठी. पार्टिशनच्या जाडीसह हे 40 फुटांत बसतं. रुंदीत 4 फुटांचा बोळ सोडला की खोल्यांना साडेअकरा फूट मिळतात.

मधल्या खोलीच्या दोन्ही भिंतींत, बोळापासून लांबच्या टोकाला, ओट्याच्या उंचीवर एकेक खिडकी ठेवा. काम संपलं की असिस्टंट ट्रे तिथून आत सरकवते. मळकं हत्यार बोळात येतच नाही. बोळातून जातात ती फक्त निर्जंतुक झालेली बंद पाकिटं, आणि ती कोणी पाहिली तरी बिघडत नाही. शिवाय दोन्ही खोल्यांची हात धुण्याची बेसिनं याच भिंतींना टेकवली की पाण्याच्या लाइनी एकाच जागी येतात.

या मधल्या खोलीत एकाच भिंतीला ओटा करा आणि काम एकाच दिशेने पुढे जाऊ द्या. लांबच्या टोकाला मळके ट्रे आणि धुण्याचं सिंक, मग वाळवणं आणि पाकिटबंद करणं, मग ऑटोक्लेव्ह, आणि बोळाच्या टोकाला स्वच्छ पाकिटांचं कपाट. ऑटोक्लेव्हच्या वर कपाट लटकवू नका. बऱ्याच टेबलटॉप मशीनमध्ये पाणी वरून भरतात, आणि दार उघडल्यावर निघणाऱ्या वाफेने प्लायवूड फुगतं. हात धुण्याचं बेसिन आणि हत्यारांचं सिंक एकच ठेवण्याचा मोहही टाळा.

खुर्ची कोणत्या तोंडाने बसवायची

आडवी केलेली डेंटल चेअर साधारण साडेसहा फूट जागा घेते. डॉक्टर पेशंटच्या उजव्या हाताला बसतो, पण वरच्या दातांचं काम करताना तो सरकत डोक्यामागे येतो. त्यामुळे डोक्यामागे निदान अडीच फूट मोकळे हवेत. खर्च आणि जागा वाचवायला खुर्ची भिंतीजवळ सरकवली की डॉक्टर मान वाकडी करून काम करतो, आणि तो हिशेब काही वर्षांनी पाठीच्या दुखण्यात चुकता होतो.

आपल्या साडेअकरा फुटांत पाय बोळाकडे आणि डोकं आतल्या भिंतीकडे ठेवा. साडेसहा खुर्चीचे, तीन डोक्यामागचे, दोन पायाकडचे. पेशंट पायाकडून आत येतो, समोर खुर्ची पाहतो, ट्रेची बाजू नाही. बहुतेक खुर्च्यांना थुंकायचं भांडं पेशंटच्या डाव्या हाताला असतं आणि चढायचं उजव्या बाजूने. म्हणून दार त्या बाजूला सरकवा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला खुर्चीला वळसा घालून, पायाखालची फूट स्विचची वायर चुकवत जावं लागतं. डॉक्टर डावखुरा असेल तर हे सगळं आरशात पाहावं तसं उलटं करायचं, आणि खुर्ची मागवण्याआधीच तसं सांगायचं.

याच मांडणीचा दुसरा फायदा एक्स-रे काढताना होतो. काढणाऱ्याने पेशंटच्या डोक्यापासून किमान 2 मीटर लांब आणि किरणांच्या सरळ रेषेबाहेर उभं राहायला हवं. डोकं आतल्या भिंतीकडे असल्याने बोळात उभं राहिलं की ते अंतर आपोआप मिळतं. बटण दाराबाहेर घ्या आणि पेशंट दिसेल अशी काच ठेवा. यंत्राची नोंदणी आणि भिंतींबद्दलचे नियम मात्र आपल्या भागात काय आहेत ते पार्टिशन घालण्याआधी विचारा.

फरशीखालचं काम

प्रत्येक खुर्चीखाली पाणी, दाबाची हवा, सक्शन, ड्रेन आणि वीज अशा पाच गोष्टी येतात. त्या नेमक्या कुठे वर काढायच्या याचा टेंप्लेट खुर्चीची कंपनी देते. तो हातात आल्याशिवाय प्लंबरला फरशी फोडू देऊ नका. दोन मॉडेलमध्ये हे ठिकाण वेगळं असू शकतं, आणि अर्धा फूट चुकलं तरी पाइप खुर्चीच्या पायाबाहेर डोकावतो.

बाकीच्या चार लाइनी वळवता येतात. ड्रेनला उतार लागतो, म्हणून खरा मालक तोच. पहिल्या खुर्चीपासून मागच्या ड्रेनेजपर्यंत आपल्याकडे 25 फूट आहेत. दर 5 फुटांना एक इंच उतार धरला तर 5 इंच खाली जावं लागतं, शिवाय पाइपची जाडी 2 इंच. तळमजल्यावर चर खणून हे जमतं. हीच जागा वरच्या मजल्यावर असती तर फरशी 7 इंच उचलावी लागली असती. व्हीलचेअरचा उतार 1:12 धरला तर त्याला 7 फूट लांबीचा रॅम्प लागतो, म्हणजे वेटिंगचा मोठा भाग गेला. त्यामुळे जागा पाहायला जाल तेव्हा आधी ड्रेनेज कुठे आहे ते विचारा. दर्शनी काच नंतर बघता येते.

ड्रेनला प्रत्येक वळणावर साफ करायचं झाकण ठेवा. त्यात रक्त, लाळ आणि ठशांच्या मटेरिअलचा चुरा जातो. खुर्चीचं भांडं हळूहळू उतरायला लागलं, गुडगुड आवाज आला, की समजा अडकायला सुरुवात झाली.

मागच्या खोलीत कॉम्प्रेसर आणि सक्शनचं मशीन शेजारी शेजारी बसतात, तिथे एक गोष्ट हमखास चुकते. सक्शन तोंडातली हवा ओढून बाहेर टाकतं आणि कॉम्प्रेसर आसपासची हवा आत घेतो. सक्शनचा पाइप त्याच खोलीत सोडला तर एका पेशंटच्या तोंडातली हवा कॉम्प्रेसरमार्फत दुसऱ्याच्या तोंडात. तो पाइप इमारतीबाहेर, खिडक्यांपासून दूर न्या.

वेळेची वाट

डॉक्टर एकच असेल तर दुसऱ्या खुर्चीने काम दुप्पट होत नाही. ती मोकळा वेळ वापरते. दहा वाजता पहिल्या खुर्चीत दाढ काढायला आलेल्याला भुलीचं इंजेक्शन दिलं की ओठ बधिर व्हायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात दुसऱ्या खुर्चीत टाके काढून किंवा तपासणी करून होते. म्हणून एका खुर्चीवर लांबची कामं, दुसरीवर छोटी, आणि दोन्हींच्या वेळा पंधरा मिनिटांनी पुढे-मागे ठेवा. दोन्ही खुर्च्यांना दहाचीच वेळ दिली तर दोघं एकदम येतात, एकदम उठतात आणि रिसेप्शनवर एकदम पैसे द्यायला उभे राहतात.

बाकड्यांचा हिशेबही यातूनच निघतो. खुर्चीतल्या दोघांबरोबर आलेली दोन माणसं, पुढचे दोन पेशंट आणि त्यांची दोन, न ठरवता आलेला एक आणि त्याचं एक. आठ झाले. आणखी दोन लागतात ती बहुतेक नकाशांत नसतात: दाढ काढून, कापूस दाबून अर्धा तास बसणारा पेशंट आणि त्याच्या घरचं माणूस. त्यांची जागा आतल्या दाराजवळ, रिसेप्शनवरून दिसेल पण बाकीच्यांकडे तोंड नसेल अशी ठेवा.

ट्रेचे संचही नकाशा काढतानाच मोजा, कारण कपाटाचं माप त्यांवर ठरतं. धुणं आणि वाळवणं 20 मिनिटं, पाकिटं 10, वाळवण्यासह ऑटोक्लेव्ह 50, थंड होणं 10 असं धरलं तर एक फेरी दीड तासाची. 134 अंशांवरची मुख्य वेळ तीनच मिनिटं, पण यंत्र तापणं आणि पाकिटं कोरडी होणं त्यात मोजलेलं नसतं. दीड तासात दोन खुर्च्यांवर अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा पेशंट होतात. फेरीत सहा, वापरात दोन, हाताशी चार, म्हणजे बारा. यापेक्षा कमी ठेवले की दुपारी कोणीतरी ओलं पाकीट बाहेर काढणार. ओल्या कागदातून जंतू आत जातात, म्हणजे ती फेरी वाया.

खडू घेऊन

सुतार येण्याआधी रिकाम्या जागेत खडूने पूर्ण मापाच्या रेषा मारा. खुर्चीच्या जागी साडेसहा फुटांचा पुठ्ठा ठेवा आणि घरचे चार जण बोलवा. एकाला पेशंट करा, एकाला असिस्टंट, एकाला काठी धरून चालायला लावा. असिस्टंटच्या हातात भरलेला ट्रे द्या आणि तिला दोन्ही खोल्यांतून खिडकीपर्यंत जायला सांगा. नव्या दवाखान्याच्या वेळी मी हे केलं, तेव्हा दुसऱ्या खोलीचं दार आत उघडलं की ते नेमकं काठीवाल्याच्या अंगावर येत होतं. खडूची रेषा पुसून आम्ही तिथे सरकतं दार काढलं.