दहा आठवड्यांत भरतीचं ग्राउंड: धाव, बीम आणि गोळ्याच्या या चुका टाळा

गावाकडची बरीच मुलं एकाच वेळी दोन भरत्यांची तयारी करतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ असं ५० गुणांचं ग्राउंड असतं. सैन्यभरतीच्या रॅलीत १.६ किलोमीटरची धाव असते आणि तिच्यानंतर बीम, म्हणजे पुलअप्स. धाव दोन्हीकडे आहे, गोळा एकीकडे, बीम दुसरीकडे. म्हणून मुलं रोज सकाळी तिन्ही गोष्टी जीव तोडून करतात, आणि तिथेच तयारी बिघडते. मी अनेक वर्षं सकाळी मैदानावर मुलांचा सराव घेतो. मेहनत कमी पडली म्हणून मागे राहिलेली मुलं थोडी असतात. चुकीच्या दिवशी चुकीची मेहनत केल्यामुळे मागे राहिलेली त्याहून खूप जास्त.

एकाच मुलाचं उदाहरण घेतो. वय २१, वजन ६८ किलो. पहिल्या दिवशी १६०० मीटरला ६ मिनिटं २० सेकंद लागली, बीमवर नीट मोजता येतील असे तीन पुलअप्स झाले आणि ७.२६० किलोचा गोळा ६.१० मीटरवर पडला. त्याआधी महिनाभर तो रोज पहाटे घड्याळ लावून सोळाशे मारत होता. वेळ सुधारत नव्हती आणि नडग्या दुखायला लागल्या होत्या.

रोज घड्याळ लावून सोळाशे मारणे

ही सगळ्यात मोठी चूक. रोज पूर्ण ताकदीने सोळाशे पळालं तर पायांना सावरायला वेळ मिळत नाही. त्यामुळे खऱ्या अर्थाने वेगवान दिवसही होत नाही आणि खऱ्या अर्थाने सावकाश दिवसही होत नाही. सगळे दिवस अर्धवट थकलेले जातात.

त्या मुलाच्या फेऱ्या मी वेगवेगळ्या मोजल्या. चारशे मीटरच्या चार फेऱ्यांना ८०, ९४, १०१ आणि १०५ सेकंद लागले होते. गर्दीबरोबर सुटायचं, पहिली फेरी जोरात मारायची आणि मग शेवटपर्यंत ओढत राहायचं, हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्याला मी एवढंच सांगितलं, की पहिली फेरी ९२ सेकंदांच्या आत करायची नाही. फेऱ्या ९२, ९३, ९३, ९० अशा आल्या, एकूण ६ मिनिटं ८ सेकंद. बारा सेकंद वाचले. दहाबारा दिवसांत दम एवढा वाढत नाही, वाचलेला वेळ बहुतेक सगळा वाटणीचा होता.

पुढच्या आठवड्यांत फक्त बुधवारी वेगाचा सराव ठेवला: ४०० मीटर पाच वेळा, मधे दोन मिनिटं चालणं. सुरुवातीला प्रत्येक चारशे ९० सेकंदांत, सातव्या आठवड्यापर्यंत ८६ मध्ये. पाचवा तुकडा पहिल्याच्या वेळेत येत नसेल तर वेग आधीच जास्त धरलाय असं समजायचं आणि पुढच्या वेळी दोन सेकंद सोडायचे. मंगळवारी आणि शनिवारी चारपाच किलोमीटर सावकाश धाव, शनिवारी जमेल तसं सहासात किलोमीटरपर्यंत. सावकाश म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकी. मुलांना हा वेग लाजिरवाणा वाटतो आणि दहाव्या मिनिटाला ते शर्यत लावतात. ती मोडून काढणं हे माझं सकाळचं निम्मं काम आहे. घड्याळावरचं पूर्ण सोळाशे तीन आठवड्यांतून एकदाच.

नडगीच्या दुखण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मुलं वर्ष घालवतात. बोटाने नडगीच्या आतल्या कडेवरून वर-खाली दाबून बघा. हातभर पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो सरावाचा ताण आहे: धाव निम्मी करा, डांबरी रस्ता सोडून मातीवर या, तळ झिजलेले बूट बदला. पण एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागी हाडावर टोचून दुखत असेल, पळताना वाढत असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर धाव त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरकडे जा. हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता असते आणि पहिल्या काही आठवड्यांत तो साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. दुखण्याची गोळी घेऊन पळणं हा उपाय नाही, त्याने फक्त धोक्याची सूचना ऐकू येईनाशी होते.

आधी पळणे, मग गोळा फेकणे

गोळ्याचं अंतर येतं ते पायांच्या आणि कमरेच्या झटक्यातून. हात शेवटी येतो. पाच किलोमीटर पळून आलेल्या पायात तो झटका उरत नाही, आणि मग मुलगा नकळत नुसत्या हाताने गोळा ढकलायला शिकतो. ही सवय लागली की सुटायला फार वेळ लागतो. म्हणून गोळ्याचे दिवस वेगळे: सोमवार आणि गुरुवार. अंग नीट गरम करायचं, ३० मीटरच्या तीनचार जोरदार धावा घ्यायच्या आणि ताज्या पायांनी गोळा हातात घ्यायचा.

माझ्याकडच्या मुलाच्या फेकीत तीन दोष होते. गोळा तळहातावर ठेवलेला असायचा. तो बोटांच्या मुळाशी हवा, म्हणजे शेवटी बोटांचा रेटा मिळतो आणि मनगट दुखत नाही. दुसरं, फेकताना कोपर खाली पडायचं आणि गोळा मानेपासून सुटायचा. मग ती क्रिकेटच्या चेंडूसारखी फेक होते. ती नियमात बसत नाही आणि सात किलोंच्या वजनाने कोपर दुखावतं ते वेगळंच. गोळा जबड्याखाली मानेला टेकलेला हवा आणि कोपर त्याच्या मागे, बाजूला वर. तिसरं, तो उंच फेकायचा, कारण शाळेत ४५ अंश शिकलेला. पण गोळा सुटतो तो जमिनीपासून माणसाच्या उंचीवरून, शिवाय अंगाला तिरक्या वरच्या दिशेपेक्षा पुढे जोर जास्त लावता येतो. म्हणून कोन त्याहून बराच कमी, चाळीसच्या खाली ठेवलेला बरा. समोर दहा मीटरवर दोन बांबूंना डोक्याच्या वर हातभर उंचीवर दोरी बांधा आणि नजर त्या दोरीवर ठेवून फेका. एवढं पुरतं.

दिवसाला पन्नास फेकी मारणाऱ्यांचं अंतर वाढत नाही. आम्ही १५ ते १८ च्या पुढे जात नव्हतो, आणि सलग दोन फेकी त्या दिवशीच्या सर्वात लांब फेकीपेक्षा अर्ध्या मीटरने कमी पडल्या की गोळा खाली ठेवायचा. त्यापुढे शरीर चुकीची फेकच पाठ करतं. गोळा ठेवल्यावर जागेवरून लांब उडी पाच-सहा वेळा आणि खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन उठाबशा, आठच्या तीन पाळ्या. आणखी एक: सराव खऱ्या वजनानेच करा. दगड किंवा मुलींचा चार किलोचा गोळा घेऊन आलेली मुलं भरतीच्या दिवशी ७.२६० हातात आल्यावर गडबडतात. फेकल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायची सवयही पहिल्या दिवसापासून लावा, चांगली गेलेली फेक पुढून पाय टाकल्यामुळे बाद होताना मी पाहिली आहे.

बीमवर रोज हात सुटेपर्यंत लटकणे

तीन पुलअप्स येणारा मुलगा रोज तीन मारतो, मग दोन, मग एक, मग पाय झाडत अर्धे अर्धे. महिन्याने पुन्हा तीनच. रॅलीत अर्धा पुलअप मोजत नाहीत: खाली हात सरळ झाले पाहिजेत, वर हनुवटी बीमच्या वर गेली पाहिजे. दहा झाले तर ४० गुण, सहा झाले तर १६. म्हणून झाडून काढलेल्या दहापेक्षा शुद्ध सात मोलाचे.

आम्ही सोमवारी आणि गुरुवारी गोळ्यानंतर दोन-दोनचे सहा संच घेतले, मधे दोन मिनिटं थांबून. एकूण बारा, सगळे स्वच्छ. शुक्रवारी पायांना सुट्टी आणि फक्त उतरण्याचा सराव: स्टुलावर चढून हनुवटी बीमच्या वर ठेवायची आणि पाच सेकंद मोजत हळूहळू खाली यायचं, चार वेळा. खाली येताना मधेच धपकन पडायला लागलात तर त्या दिवसाचं काम संपलं. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर हे उतरणंच आधी कमी करा, बहुतेक वेळा कारण तेच असतं. पाचव्या आठवड्यात त्याचे तीन-तीनचे पाच संच होऊ लागले, नवव्या आठवड्यात सलग आठ.

पण ताज्या हातांनी आठ. रॅलीत बीम येतो धावल्यावर, छाती भात्यासारखी चालू असताना. आम्ही आठव्या आठवड्यात बुधवारच्या चारशेंनंतर दहा मिनिटांनी लटकून पाहिलं तर पाचच झाले. दम लागलेला असताना श्वास रोखला की पकड आधी सुटते. खाली आल्यावर श्वास घ्यायचा, वर जाताना सोडायचा, एवढंच त्याने दोन बुधवार घोटलं आणि आकडा सातवर गेला. तयारीचा खरा आकडा हा धरायचा.

शेवटच्या आठवड्यात 'एकदा बघून घेऊ'

चौथा आठवडा आम्ही मुद्दाम हलका ठेवला होता, सगळं निम्मं. आणि शेवटची पूर्ण चाचणी ग्राउंडच्या दहा दिवस आधी घेतली. फेऱ्या ८६, ८७, ८७, ८४, म्हणजे ५ मिनिटं ४४ सेकंद. गोळा ७.२५ मीटर. धावेनंतर पुलअप्स सात.

त्या आकड्यांवर तो खूश नव्हता. पोलिसांच्या ग्राउंडला १६०० चे पूर्ण गुण ५ मिनिटं १० सेकंदांना आणि गोळ्याचे पूर्ण गुण ८.५० मीटरला मिळतात, हे त्याला पाठ होतं. दहाव्या आठवड्यात त्याला रोज सोळाशे मारायचं होतं. मी नको म्हणालो. उरलेल्या दहा दिवसांत दम वाढत नाही, थकवा मात्र नक्की वाढतो. त्या आठवड्यात धाव निम्मी, बुधवारी फक्त दोन चारशे नेहमीच्या वेगाने, गोळ्याच्या सहा फेकी, बीमवर तीन-तीनचे दोन संच आणि शेवटचे दोन दिवस नुसतं चालणं.

ग्राउंड दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर आदल्या दिवशी दुपारीच पोहोचा. रात्रीच्या एसटीने उभ्याने जाऊन पहाटे रांगेत लागलेल्या मुलाची आठवड्याची विश्रांती त्या एका रात्रीत जाते. पोटात रोजचंच अन्न असू द्या, भाकरी-भाजी, वरण-भात. धावेच्या दोन तास आधी दोन केळी आणि पाणी. कुणी रांगेत ताकदीची गोळी किंवा इंजेक्शन देऊ केलं तर हात मागे घ्या. आणि सुटायची शिट्टी झाल्यावर पुढचे सगळे पळत सुटले तरी तुमची पहिली फेरी तुमच्याच वेळेत मारा. त्या मुलाच्या गटात पहिल्या फेरीला तो मागून पाचवा होता. तिसऱ्या फेरीत पुढचे एकेक करून मागे पडायला लागले.